आमच्या मिठाईच्या दुकानाच्या फिल्मचं निवेदन लिहितेय (आजोबा, बाबा, दादा). दोन मिनिटांत बसेना

अंबाईची_लेक

नमस्कार मंडळी. अंबाजोगाईत आमचं पेढ्याचं दुकान आहे. आजोबांनी काढलं, बाबांनी वाढवलं, आता दादा बघतो. मी पुण्यात नोकरी करते. दिवाळीआधी दुकानाची दोन मिनिटांची फिल्म करायची ठरलीय. शूटिंग चुलतभावाचा मित्र करणार आहे, निवेदन लिहायचं माझ्याकडे आलंय. आवाज शक्यतो घरातलाच, आपुलकीचा हवा. सुरुवात अशी केलीय:

"१९४७. देश स्वतंत्र होत होता आणि अंबाजोगाईच्या एका छोट्याशा गल्लीत एका माणसाने एक स्वप्न पाहिले. हातात भांडवल नव्हते, पण मनात जिद्द होती. कुंथलगिरीच्या शुद्ध खव्याचा तो पहिला पेढा... बाहत्तरचा दुष्काळ आला, त्र्याण्णवचा भूकंप आला, लातूरला रेल्वेने पाणी आले, पण आमची चव तीच राहिली. तीन पिढ्या, एकच परंपरा, एकच विश्वास."

पुढे अजून बरंच आहे, सगळे मिळून ३४० शब्द. आईला वाचून दाखवलं तर म्हणाली, "छान आहे, पण हे कुणाचं दुकान?" तेव्हापासून अडकलेय.

---

जाहिरातवाला_संभाजीनगर

सुरुवात झकास आहे! १९४७ ठेवाच, लोकांना लगेच कळतं. मागे हळू बासरी टाका. ३४० शब्द दोन मिनिटांत बसतील, आपल्या टीव्हीवरचे निवेदक मिनिटाला दीडशे-पावणेदोनशे शब्द सहज बोलतात.

---

जुना_निवेदक

जाहिरातवाले, बातम्यांत बोलतात. आपुलकीने बोलताना कुणी तेवढं पळत नाही. मी काही वर्षं परभणी आकाशवाणीवर हंगामी निवेदक होतो, नंतर अशा फिल्मांची निवेदनं बरीच लिहिली. घरगुती सुरात मराठी वाचताना माझं मिनिटाला शंभर-एकशेदहा शब्दांच्या पुढे जात नाही. आपले शब्दही लांब असतात. "दुकानासमोरच्यांनासुद्धा" हा एकच शब्द धरला जातो, पण तोंडाला तो तिघांइतका वेळ घेतो. दोन मिनिटांत मधे कढईचा आवाज, कुणाचं तरी एखादं वाक्य आणि चार ठिकाणी नुसती शांतता हवी असेल, तर निवेदन दीडशे शब्दांचं. फार तर एकशेसत्तर.

ताई, मोबाईलवर घड्याळ लावून तुमचं लिखाण मोठ्याने वाचा, मनात नको. आणि वाचताना जिथे जीभ अडखळते तिथे रेघ मारा.

दुसरं असं की तुमच्या उताऱ्यात दुकानातली एकही वस्तू नाही. स्वप्न, जिद्द, परंपरा, विश्वास हे सगळं एखाद्या पतसंस्थेच्या फिल्मलाही चालेल. आईंनी नेमकं तेच विचारलं. मला तीन गोष्टी सांगा. आजोबांनी दुकान काढलं याचा घरात कागद काय आहे? बाबांच्या काळात दुकान बंद पडायची वेळ कधी आली? आणि दादाने केलेली कुठली गोष्ट बाबांना आवडली नाही?

---

भूमचा_भट्टीवाला

ताई आमची भूमला, कुंथलगिरीच्याच तालुक्यात, खव्याची भट्टी हाय. रेसिपी पायजे का तुम्हाला? म्हशीचं दूध पाच लिटर आटवलं की किलोच्या आसपास खवा पडतो, गायीचा कमी पडतो. पेढ्याला खवा लई वेळ भाजावा लागतो, मंद आचेवर, तवा तो तांबूस रंग येतो. साखर शेवटाला. पण कुंथलगिरीचा खवा म्हणता तुम्ही, तो घेता कुणाकडून? आमच्याकडून तर नाही. माहिती असावी म्हणून इचारलं.

---

अंबाईची_लेक

भूमचे दादा, रेसिपी नको होती, पण प्रश्न अगदी वर्मी लागला. खरं सांगायचं तर खवा आम्ही दुकानातच आटवतो, आसपासच्या खेड्यांतल्या दुधाचा. दिवाळीत कमी पडला तरच भूमकडून येतो. कुंथलगिरी हे नाव मी ऐकायला बरं वाटतं म्हणून घातलं.

मोठ्याने वाचून पाहिलं. तीन मिनिटं अठरा सेकंद. आणि "एका छोट्याशा गल्लीत एका माणसाने एक" इथे दोनदा अडखळले.

निवेदककाका, कागद आहे! आजोबांच्या पेटीत एक भाडेचिठ्ठी सापडली. वर उर्दू, खाली मोडी. मोडी आम्हाला येत नाही, पण शेजारच्या निवृत्त गुरुजींनी थोडं लावून दिलं. गावाचं नाव मोमिनाबाद, म्हणजे तेव्हाची अंबाजोगाई, भाडं "माहे रुपये सात हाली", आणि तारीख "बहमन, सन १३५८". हे १३५८ म्हणजे काय ते गुरुजींनाही नक्की सांगता आलं नाही. घरात तर सगळे १९४७ च म्हणतात.

---

जाहिरातवाला_संभाजीनगर

अहो, ही लॉटरी लागली! निजामाचं राज्य, म्हणजे हिजरी सन. १३५८ हिजरी म्हणजे १९३९. तुमचं दुकान तुम्हाला वाटतं त्याहून आठ वर्षं जुनं निघालं. फिल्मची पहिलीच ओळ: "१९३९ पासून."

---

फसली_अफसली

थांबा, थांबा. १३५८ हिजरी म्हणजे १९३९ हे बरोबर आहे, पण हा कागद हिजरी नाही. महिना पाहा. हिजरीत मोहरम, सफर, रमजान असतात, बहमन नसतो. बहमन हा निजामाच्या राज्यात चालणाऱ्या फसली सनाचा महिना. आजूर, दै, बहमन, इस्फंदार अशी ती इराणी नावं. वर्ष ऑक्टोबरच्या सुरुवातीला आजूरपासून सुरू व्हायचं, म्हणजे बहमन साधारण डिसेंबरात येतो.

फसली सनात ऑक्टोबर ते डिसेंबर असेल तर ५९० मिळवायचे, जानेवारीपासून पुढे ५९१. १३५८ अधिक ५९०, म्हणजे १९४८. तुमची भाडेचिठ्ठी डिसेंबर १९४८ ची.

जुन्या सातबाऱ्यांत आणि खरेदीखतांत ही गफलत मी पुष्कळदा पाहिलीय. वर्ष एकटं वाचलं की घोळ होतोच, महिन्याचं नाव बघितल्याशिवाय सन लावू नये. "हाली" मुळेही त्याला बाध येत नाही. ते निजामाचं नाणं, सात हाली म्हणजे सहा कलदार, म्हणजे इंग्रजी रुपये. भारतीय फौजेने निजामाचं राज्य संपवलं त्या पोलीस अॅक्शननंतरही काही वर्षं हाली चालत होतं, त्यामुळे डिसेंबर ४८ ला भाडं हालीत असणं अगदी जुळतं.

---

अंबाईची_लेक

म्हणजे १९४७ चुकीचं! बाबांना फोन केला. आधी चिडले, "तुझे आजोबा खोटं बोलायचे का?" मग थोड्या वेळाने त्यांनीच परत फोन केला. आजोबा "स्वातंत्र्य मिळालं त्या वर्षी" असं म्हणायचे म्हणे. आम्ही सगळ्यांनी ते शाळेच्या पुस्तकाप्रमाणे १५ ऑगस्ट धरलं.

---

जुना_निवेदक

आजोबा बरोबरच बोलत होते, ताई. आपल्याकडे स्वातंत्र्य १७ सप्टेंबर १९४८ ला आलं. मराठवाड्यातला म्हातारा माणूस "स्वातंत्र्य मिळालं त्या वर्षी" म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर बहुधा लाल किल्ला नसतो.

आणि बघा, आता तुमच्या हातात काय आलं. "१९४७ पासून" हे देशातल्या कितीतरी दुकानांच्या पाट्यांवर आहे. "निजामाचं राज्य जाऊन तीन महिने झाले होते, गावाचं नाव अजून मोमिनाबादच होतं, भाडं सात रुपये हाली" हे फक्त तुमच्या दुकानाचं. सालाचा आकडा निवेदनात म्हणूच नका. पडद्यावर भाडेचिठ्ठी दाखवा, बोट "बहमन" वर येऊ द्या. नवशिक्याची फिल्म ओळखायची खूण म्हणजे निवेदक "आजोबा कढईसमोर बसले" म्हणतो आणि पडद्यावर कुणीतरी कढईसमोर बसलेलं असतं. चित्र जे सांगतंय ते आवाजाने परत सांगायचं नाही. चित्रात कागद असताना आवाजाने भाड्याबद्दल बोलावं.

बाकीच्या दोन प्रश्नांची उत्तरं राहिली.

---

परवाना_सल्लागार

मधेच बोलतो. "शुद्ध", "अस्सल", "पारंपरिक" हे शब्द खाद्यपदार्थाच्या जाहिरातीत मोकळे सोडलेले नाहीत. एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे जाहिरात आणि दाव्यांचे नियम २०१८ चे आहेत, त्यात या शब्दांना अटी आहेत. पारंपरिक म्हणायचं तर कृती पिढ्यान्‌पिढ्या मुळात न बदललेली पाहिजे. तुमची भट्टी बदलली असेल, खवा कधी घरचा कधी बाहेरचा असेल, तर "चव तीच" हे वाक्य कशाला ओढवून घेता? कुंथलगिरीच्या खव्याला तर भौगोलिक मानांकनही मिळालंय, ते नाव जाऊ द्याच.

आणि शूटिंगच्या दिवशी सुट्या मिठाईच्या ट्रेवर "या तारखेपर्यंत खावे" ची चिठ्ठी दिसू द्या. १ ऑक्टोबर २०२० पासून ती सक्तीची केली होती. फिल्ममध्ये ट्रे चिठ्ठीविना दिसला तर गिऱ्हाईक उगीच शंका घेईल.

---

अंबाईची_लेक

बाबांशी काल रात्री तासभर बोलले. त्यांनी सांगितलेलं तसंच लिहिते.

बाहत्तरला बाबा सोळा वर्षांचे होते. दूध आटलं. गवळी आधी निम्मं दूध घालायला लागला, मग बंद झाला, जनावरंच विकली त्याने. कढई आठ महिने चढली नाही. आजोबांनी दुकान बंद केलं नाही, गूळ आणि फुटाणे विकायला ठेवले. खडी फोडायला जाणारी माणसं सकाळी पाच-दहा पैशांचे फुटाणे घेऊन जायची. "कढईचं काय केलं?" असं विचारलं तर म्हणाले, "दर शनिवारी घासायचो. नुसती पडली की तांब्याला हिरवं चढतं."

दादाने काय केलं? लाकडाची भट्टी काढून गॅसची लावली. बाबा आठवडाभर त्याच्याशी बोलले नव्हते, हे मला आठवतं. मग एका पहाटे स्वतः दुकानात गेले, आच निम्मी केली आणि उलथनं हातात घेतलं. बोलले काहीच नाहीत. अजूनही त्या विषयावर बोलत नाहीत.

एक अडचण आहे. आजोबांनंतर वाटणी झाली. काकांचं दुकान समोरच्या बाजूला आहे, नावात एकाच शब्दाचा फरक. दुष्काळात काकाही होतेच. त्यांना फिल्ममध्ये घ्यावं का?

---

लातूरचा_तात्या

काका कशाला घेता, उद्या तेच म्हणतील आमचंच दुकान मूळचं. आमच्या घरात वाटणी झाली तवा पाटीवरनं कोर्टापर्यंत गेलं होतं. आधी नाव रजिस्टर करा. जो आधी रजिस्टर करतो त्याचं नाव, एवढं पक्कं.

---

परवाना_सल्लागार

तात्या, एवढं पक्कं नाही. ट्रेडमार्कच्या कायद्यात आधीपासून नाव वापरणाऱ्याला संरक्षण आहे, नंतरच्या नोंदणीवाल्याला त्याला रोखता येत नाही. इथे तर दोघेही एकाच आजोबांचं नाव वापरतायत. हे वकिलासमोर बसूनच बघावं लागेल. फिल्ममध्ये "एकमेव मूळ दुकान" असं काही म्हणू नका, एवढं मात्र आत्ताच सांगतो.

---

भूमचा_भट्टीवाला

ताई एक इचारू का. फिल्ममदी कढईचा आवाज खरा घेणार का संगीत टाकणार? खवा व्हायचं आम्ही डोळ्यानं कमी आन् कानानं जास्त बघतो. दूध उकळताना खदखद असते. घट्ट व्हायला लागलं की भदभद, जड आवाज येतो, बुडबुडा फुटायला टाइम लागतो. मग खवा कढई सोडतो, तवा खदखद बंद आन् नुसतं उलथनं कढईला घासल्याचा आवाज ऐकू येतो. नवीन पोराला आम्ही पाठ करून बसवतो, आवाज बदलला की सांग म्हणून.

---

जुना_निवेदक

भूमचे दादा, फिल्मचा शेवट तुम्ही लिहून दिलात. बासरी नको. संगीत घातलं की हा फरक कानाला कळणारच नाही.

ताई, शूटिंगवाल्याला सांगा, कॅमेऱ्यावरच्या माईकने हा आवाज येत नाही. आला तरी पंखा, फ्रिज आणि बाहेरची मोटारसायकल घेऊन येतो. पहाटे दुकान उघडायच्या आधी, फ्रिज आणि पंखे बंद करून, माईक कढईपासून हातभर लांब, वाफेच्या बाजूला न धरता, एक अख्खा घाणा पहिल्यापासून शेवटपर्यंत रेकॉर्ड करा. गॅसचा बर्नर मोठा असेल तर त्याची सूंऽऽ सुद्धा येणार, ती पूर्ण घालवता येणार नाही. आच मंद ठेवली की कमी होते. काढल्यावर फ्रिज परत चालू करायला विसरू नका. मी एकदा विसरलो होतो. एका मालकाचं श्रीखंड गेलं, तो अजून माझा फोन उचलत नाही.

तुमच्या काकांबद्दल माझं मत तात्यांपेक्षा वेगळं आहे. मी घेतलं असतं. पण घर तुमचं आहे.

आधी निवेदन मोबाईलवर कच्चं रेकॉर्ड करा आणि त्यावर चित्रं बसवा. आधी चित्रं जोडून मग शब्द कोंबत बसाल तर परत ३४० वर जाल.

---

अंबाईची_लेक

हा नवा मसुदा. भूकंप आणि पाण्याची रेल्वे काढली. खरं तर दोन्हीचा आमच्या दुकानाशी संबंध नव्हता, मराठवाडा म्हटला की आपोआप हाताखाली येतात.

> (कढईत खदखद. सहा सेकंद कुणी बोलत नाही.)
>
> हा आवाज आमच्या घरात कोंबड्याच्याही आधी उठतो.
>
> आजोबांनी दुकान भाड्यानं घेतलं, तेव्हा निजामाचं राज्य जाऊन तीन महिने झाले होते. गावाचं नाव अजून मोमिनाबादच होतं. भाडं, महिन्याला सात रुपये. हाली.
>
> (भाडेचिठ्ठी. शांतता.)
>
> बाहत्तरला दूध आटलं. बाबा सोळा वर्षांचे होते. आठ महिने ही कढई चढली नाही. दुकानात गूळ होता आणि फुटाणे होते. खडी फोडायला निघालेली माणसं सकाळी तेच घेऊन जायची.
>
> कढई मात्र बाबा दर शनिवारी घासायचे.
>
> (बाबांचा आवाज: "नुसती पडली की तांब्याला हिरवं चढतं.")
>
> दादानं लाकडाची भट्टी काढली. गॅसची लावली. बाबा आठवडाभर त्याच्याशी बोलले नाहीत. मग एका पहाटे आले, आच निम्मी केली, आणि उलथनं हातात घेतलं.
>
> (जड, भदभद आवाज.)
>
> खवा कढई सोडतो, तेव्हा आवाज बदलतो.
>
> ऐका.
>
> (आवाज बदलतो. दुकानाची पाटी.)

शंभराच्या आतच शब्द झाले. थांबत थांबत वाचलं तर एक मिनिट पस्तीस. म्हणजे जागा उरतेय!

---

जाहिरातवाला_संभाजीनगर

मानलं. १९३९ चं माझं मागे घेतो. पण पेढ्याचं नावच आलं नाही की! गिऱ्हाइकाला कळायला नको का काय विकता ते? उरलेल्या जागेत "आमच्याकडे पेढा, बर्फी, कलाकंद" एवढं तरी टाका.

---

जुना_निवेदक

या वेळी जाहिरातवाल्यांचं निम्मं बरोबर आहे. आजोबांच्या भागात पेढा एकदा यायला हवा. यादी नको, "पहिल्या दिवशी किती पेढे विकले गेले" असलं काहीतरी बाबांना माहीत असेल तर ते. नसेल माहीत तर बनवू नका.

"कोंबड्याच्याही आधी उठतो" हे वाचताना मी थांबलो. कोंबडा आहे का तुमच्याकडे? मला ती ओळ लिहिलेली वाटते, बोललेली नाही.

शिवाय "भाड्यानं", "दादानं" असं बोलीत आहे ते पूर्ण तसंच ठेवा. "केलं", "होतं" च्या जागी "केले", "होते" असं पुस्तकी अनुस्वाराविना कुठे घुसू देऊ नका. मधेच एक वाक्य पुस्तकी आलं की ऐकणाऱ्याला लगेच वाटतं, आता जाहिरात सुरू झाली. पण उगीच "लई" आणि "काहून" सुद्धा घालू नका. तुम्ही घरी जशा बोलता तसं. अस्सल बोली बाबांच्या वाक्यात येतेच आहे.

---

अंबाईची_लेक

कोंबडा नाही. कधीच नव्हता. काढला. त्याऐवजी: "हा आवाज आला की आम्हाला कळायचं, चार वाजले."

पेढ्याचं बाबांना विचारलं. पहिल्या दिवसाचं त्यांना माहीत नाही. पण आजी सांगायची म्हणे की पहिल्या आठवड्यातला उरलेला पेढा आजोबांनी योगेश्वरीच्या देवळाच्या पायऱ्यांवर बसून वाटला, आणि त्यातल्या दोघांनी दुसऱ्या दिवशी येऊन विकत घेतला. खरं असेल का माहीत नाही. "आजी सांगायची" असंच म्हणून घालतेय.

काकांना फोन केला. भाडेचिठ्ठीचं सांगितलं तर म्हणाले, "ती पेटीत माझ्याकडे होती, तुमच्याकडे कशी गेली?" आणि फोन ठेवला. दादा म्हणतो आता फिल्म दिवाळीनंतर.

---

भूमचा_भट्टीवाला

आवाज तरी रेकॉर्ड करून ठेवा ताई. दिवाळीत कढईला उसंत नसती.